शनिवारच्या वर्गासाठी मौलाना साहेबांना विनंतीपत्र

मशीद कमिटी, मोंढा परिसर,
सेलू, जि. परभणी
दि. 5 एप्रिल 2026

आदरणीय मौलाना साहेब,
अस्सलामु अलैकुम व रहमतुल्लाहि व बरकातुहू.

रमजानच्या शेवटच्या जुम्याला आपण आमच्याकडे बयान केले, तेव्हा जाता जाता एक वाक्य बोलून गेलात: "नमाज मशिदीत शिकता, पण व्यवहार कुठे शिकता?" ईदनंतरच्या कमिटीच्या बैठकीत त्या एका वाक्यावरच दोन तास गेले. आपण दर शनिवारी सेलूला येऊन कामकरी माणसांना शिकवावे, अशी कमिटीची एकमताने विनंती आहे.

आमच्या मशिदीत येणारी माणसे आपण पाहिलीच आहेत. मोंढ्यातले हमाल आणि मापाडी, जिनिंगवर काम करणारे, गवंडी, फळगाडीवाले, ट्रकचे ड्रायव्हर, दोन-तीन शिक्षक. लेकरांसाठी मकतब आहे आणि इमाम साहेब ते मनापासून चालवतात. मोठ्या माणसांसाठी मात्र काहीच नाही. तीन वर्षांपूर्वी फजरनंतर एक वर्ग सुरू केला होता. पहिल्या आठवड्यात चाळीस जण बसले, महिन्याने सहा उरले. दोष शिकवणाऱ्यांचा नव्हता. पहाटे सहाला हमालाला मोंढा गाठायचा असतो, आणि किताबातली उर्दू बहुतेकांच्या डोक्यावरून जात होती.

भाषेचे जरा सविस्तर लिहितो. आमच्या आजोबांच्या पिढीचे शिक्षण निजामाच्या राज्यात उर्दूत झाले. आमच्या काही घरांत जमिनीचे जुने कागद अजून उर्दूत आहेत आणि ते वाचून घ्यायला आम्हाला माणूस शोधावा लागतो. आम्ही जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिकलो. घरात दखनी बोलतो, पण वाचतो-लिहितो मराठीत. सातबारा, पावती, बँकेचा अर्ज, सगळे मराठीत. म्हणून वर्ग मराठीत व्हावा. आयत अरबीत वाचा, समजावताना मध्ये दखनी आली तर उत्तमच, पण फळ्यावर जे लिहाल ते मराठीत असावे. आपण परभणीत मराठीतून बोलता हे आम्ही ऐकले आहे. आपल्याकडेच येण्याचे तेही एक कारण आहे.

आता ज्या गोष्टीने आम्हाला खरे हलवले ती सांगतो. आमच्या जमातीत साठीच्या आसपासचे एक मापाडी आहेत. उभा जन्म काट्यावर गेला. यंदा रमजानमध्ये त्यांच्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलीने मराठी तर्जुमा आणला आणि रोज इफ्तारीआधी एक पान वाचून दाखवू लागली. एक दिवस सूरह मुतफ्फिफीन आली. घेताना पुरेपूर मापून घेतात आणि देताना माप कमी देतात, त्यांचा नाश. ही सूरह त्यांनी इमामाच्या मागे उभे राहून किती वेळा ऐकली असेल! अर्थ त्या दिवशी पहिल्यांदा कळला. तरावीहनंतर ते वजूखान्याच्या कट्ट्यावर बसून राहिले, उठेचनात. आमच्या सचिवांनी विचारले तेव्हा म्हणाले, "शेतकऱ्याच्या पोत्यामागं कट्टी कापतेत. कापायला लावतो दुकानदार, पण काटा माझ्या हातात हाय. मग गुन्हा कुणाच्या नावावर लिहिला जातो?"

सचिवांकडे उत्तर नव्हते. इमाम साहेब म्हणाले, याचे उत्तर उभ्या उभ्या देण्यासारखे नाही, नीट बसून शिकण्यासारखे आहे.

असे प्रश्न त्यांच्या एकट्याचे नाहीत, म्हणून आम्ही आठवडाभर लोकांकडून चिठ्ठ्या गोळा केल्या. त्यातले काही लिहितो, म्हणजे आपल्याला अंदाज येईल. जकातीचा निसाब साडेबावन्न तोळे चांदी, पण आज सराफ दहा ग्रॅमला तोळा म्हणतो आणि जुना तोळा साडेअकरा ग्रॅमच्या वर होता. मग हिशेब कोणत्या तोळ्याने करायचा? पावसावरच्या पिकाचा उश्र दहावा हिस्सा आणि पाणी देऊन काढलेल्याचा विसावा, मग सोयाबीन पावसावर आले पण शेवटी विहिरीचे दोन पाणी द्यावे लागले, तर काय? हैदराबादला माल नेणारा ड्रायव्हर कसर कुठून धरणार? हप्त्यावर मोबाईल घेतला तर त्यात व्याज कोणते आणि किंमत कोणती? हातउसने दिलेले पैसे परत येत नाहीत आणि मागितले की नाते तुटते. या शेवटच्या तर सात चिठ्ठ्या होत्या! सूरह बकराच्या 282 व्या आयतीत उधारी लिहून ठेवा, साक्षीदार घ्या, असा हुकूम आहे. आमच्यात मात्र भाऊ भावाला लिहून मागायला लाजतो. ती एक आयत आपण चार शनिवार घेतली तरी चालेल.

एक विषय आम्ही स्वतःहून मांडतो, कारण चिठ्ठीत तो कुणीच लिहिला नाही. बापाच्या माघारी बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या जातात. सूरह निसामध्ये मुलीचा हिस्सा ठरवून दिलेला आहे, तरी साडी-चोळी देऊन मिटवले जाते. कमिटीतल्या आमच्यापैकी काहींच्या घरातही हे झाले आहे. आपण यावर स्पष्ट बोलावे. कुणाला वाईट वाटले तर ते आम्ही सांभाळून घेऊ.

सोय अशी ठरवली आहे. शनिवारी इशाची जमात झाली की साडेआठला बसायचे आणि पावणेदहाला उठायचे. त्यातली शेवटची वीस मिनिटे प्रश्नांसाठी. रविवारी बऱ्याच जणांना उशिरा कामावर जाता येते, म्हणून शनिवार. स्त्रियांसाठी वरच्या मजल्यावर बसण्याची जागा आणि स्पीकर आहे; शिवणकाम करणाऱ्या, अंगणवाडीत जाणाऱ्या बायकांनी स्वतः मागणी केली आहे. त्यांचे प्रश्न चिठ्ठीने खाली येतील. सुरुवात 25 एप्रिलपासून करावी आणि पुढच्या रमजानपर्यंत चालवावे, साधारण चाळीस शनिवार होतील. जूनमध्ये पेरणीच्या दिवसांत गर्दी कमी झाली तर कृपया मन खट्टू करू नये, माणसे पाऊस बघून येतात आणि पाऊस बघूनच थांबतात.

परभणीहून दुपारच्या गाडीने आलात तर स्टेशनवर आमचा माणूस असेल. रात्री मुक्काम खजिनदारांच्या घरी, किंवा घरी परतायचे असल्यास आमच्यापैकी कुणीतरी गाडीने परभणीला सोडून येईल. दर शनिवारचा हदिया 1500 रुपये आणि प्रवासखर्च वेगळा. आपल्या इल्मची ही किंमत नाही, हे आम्ही जाणतो. पण आलिमाने स्वतःच्या खिशातून येणे-जाणे करावे हे आम्हाला पटत नाही. ही रक्कम जकातीच्या पैशातून नाही, मशिदीच्या दोन दुकानांच्या भाड्यातून दिली जाईल.

एक अर्ज मात्र आहे. मसलकचे वाद या वर्गात येऊ नयेत. आमच्या जमातीत सगळ्या प्रकारची माणसे एकाच सफीत उभी राहतात. तो विषय निघाला की अर्धे जण उठून जातील, आणि उठणाऱ्यांत बहुधा तेच असतील ज्यांना या वर्गाची सर्वांत जास्त गरज आहे.

विषयांचा क्रम आपणच ठरवावा. फक्त पहिला शनिवार माप-तोलाचा ठेवता आला तर पाहावे. ते मापाडी चाचा रोज असरला विचारतात, मौलाना कधी येणार. पुढच्या रविवारी, 12 तारखेला, आम्ही तिघे परभणीला येऊन आपली भेट घेऊ इच्छितो. जोहरनंतरची वेळ चालेल का, तेवढे पत्र घेऊन येणाऱ्या मुलाजवळ सांगावे.

दुआंमध्ये आठवण ठेवावी.

आपले,
सदर, सचिव व खजिनदार
मशीद कमिटी, मोंढा परिसर, सेलू