बुधवार 5 ऑगस्टला संगमनेरात डीलर ट्रेनिंग, फिटरला घेऊनच या

राम राम मंडळी, संगमनेर, अकोले, राहाता, कोपरगाव, श्रीरामपूर आणि सिन्नर भागातल्या आपल्या सगळ्या ठिबक डीलर भावांना आणि ताईंना हे आग्रहाचं निमंत्रण.

बुधवार, 5 ऑगस्ट 2026 ला आपल्या संगमनेर डेपोवर एक दिवसाचं प्रॉडक्ट ट्रेनिंग ठेवलंय. डेपो सगळ्यांना माहितीये, नाशिक-पुणे हायवेला लागून, माल भरायला येता तोच. त्याच्या वरच्या मजल्यावर हॉल आहे, आणि प्रॅक्टिकल मागच्या मोकळ्या जागेत पत्र्याच्या शेडखाली, म्हणजे पाऊस आला तरी काम थांबणार नाही. फी वगैरे काही नाही. तारीख मुद्दाम आत्ताची घेतली, कारण पुढे श्रावण, पोळा, गणपती लागले की कुणालाच दुकान सोडता येत नाही, आणि दसरा-दिवाळीच्या आसपास उसाच्या लागवडी, टोमॅटो, कांदा असं सगळं एकदम अंगावर येतं.

एका दुकानातून दोघं या. एक तुम्ही स्वतः किंवा काउंटर बघणारा माणूस, आणि दुसरा फिटर. फिटरचं मी फार मनापासून सांगतोय. मागच्या उन्हाळ्यात आपल्याच एका डीलरबरोबर डाळिंबाच्या बागेत गेलो होतो, तक्रार काय तर नळी खराब आहे, शेवटची झाडं सुकतायत. लॅटरलचं टोक सोडलं तर पहिली दोन मिनिटं चहासारखं लाल पाणी, मग गाळाचे गोळे. शेवटाला गेज लावला तर प्रेशर 0.4 किलो, लागतं 1 किलोच्या आसपास. फिल्टर उघडला, जाळीवर बोटभर शेवाळ. नळी चांगली होती हो, बसवल्यापासून कुणी एकदाही टोक सोडून धुतली नव्हती आणि शेतकऱ्याला कुणी सांगितलंही नव्हतं. पण त्या दोन महिन्यात बांधाशेजारचे दोघं गिऱ्हाईक दुसरीकडे गेले ते गेलेच. शेवटच्या ड्रिपरला पाणी पोचलं तरच पुढच्या वर्षी तो शेतकरी परत आपल्या दुकानात येतो, आणि ते पोचवणारा माणूस आपला फिटर आहे, म्हणून त्यालाच बाहेर ठेवून ट्रेनिंग करण्यात मला काही अर्थ वाटत नाही.

दिवस असा जाईल. 9 ला चहा-पोहे आणि नावनोंदणी, साडेनऊला सुरुवात म्हणजे साडेनऊलाच.

साडेनऊ ते अकरा नवीन पीसी इनलाइन नळी. चढ-उताराच्या रानात साधी नळी खाली जास्त आणि वर कमी पाणी देते, पीसीच्या ड्रिपरमध्ये आतला पडदा प्रेशर सांभाळतो म्हणून वरखाली सारखंच पाणी पडतं. अकोल्याच्या आणि सिन्नरच्या उताराच्या रानांना ही कुठं द्यायची आणि सपाट रानात उगाच महाग माल गळ्यात का मारायचा नाही, दोन्ही बोलू. नळी कापून आतला ड्रिपर प्रत्येकाच्या हातात देणार आहे.

अकरा ते साडेबारा डिझाइन, कागद-पेन घेऊन. एक हिशेब आत्ताच देतो, घरी करून बघा. एक एकर, दोन लाइनीत 5 फूट, म्हणजे नळी लागते साधारण 2,655 मीटर. ड्रिपर 40 सेंटीमीटरवर धरले तर झाले 6,600 च्या वर. 4 लिटरचा ड्रिपर घेतला तर तासाला साडेसव्वीस हजार लिटर पाणी पाहिजे, 2 लिटरचा घेतला तर सव्वातेरा हजार. आता ज्याची विहीर-मोटर तासाला पंधरा हजारच देते त्याला 4 लिटरची नळी देऊन एकच व्हॉल्व्ह बसवला तर काय होणार? पाणी अर्ध्यात मरणार आणि शिव्या आपल्याला. म्हणून कोटेशन करायच्या आधी बादली आणि घड्याळ घेऊन मोटरचं पाणी मोजायचं, हे त्या दिवशी सगळ्यांकडून करून घेणार.

साडेबारा ते दीड जेवण. मासवडी-रस्सा, बाजरीची भाकरी, ठेचा, भात आणि गोडाला शिरा. शुद्ध शाकाहारी. कुणाचा उपवास असेल किंवा कांदा-लसूण चालत नसेल तर आधी कळवा, वेगळं ताट होईल, त्यात संकोच नको.

दीड ते साडेतीन मागच्या शेडमध्ये प्रॅक्टिकल. सँड फिल्टरचं बॅकवॉश, डिस्क फिल्टर खोलून धुणं, व्हेंचुरी लावून खत सोडणं, आणि ॲसिड ट्रीटमेंट. आपल्याकडं बोअरचं पाणी क्षाराचं, ड्रिपरच्या तोंडावर पांढरं बसतंच. शेवटच्या ड्रिपरच्या पाण्याचा पीएच 4 च्या आसपास येईपर्यंत ॲसिड सोडायचं, मग 24 तास संच बंद, मग टोकं सोडून धुवायचं. पीएच पेपर प्रत्येक दुकानाला एक पुडी देऊ. ग्लोव्हज आणि चष्मा आम्ही देतोय, ते घातल्याशिवाय कुणालाही कॅनला हात लावू देणार नाही. पाण्यात ॲसिड टाकायचं, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही, तुमच्या पोरांना हे आत्तापासूनच सांगायला लागा.

साडेतीन ते साडेचार सबसिडीची कागदपत्रं. अल्प-अत्यल्प भूधारकाला 55 टक्के आणि बाकीच्यांना 45, वर राज्याची भर धरून 80 आणि 75, कमाल 5 हेक्टर, एवढं सगळ्यांना पाठ आहे, पण फाइल अडकते ती महाडीबीटीवर पूर्वसंमती यायच्या आधीच संच बसवल्यामुळं किंवा बिलातली नळी आणि रानातली नळी वेगळी निघाल्यामुळं. तुमची एखादी अडकलेली फाइल असेल तर झेरॉक्स घेऊन या, समोर बसून बघू. त्यानंतर चहा, सर्टिफिकेट, आणि पाच वाजता मोकळे.

येण्या-जाण्याचं. दोन गाड्या लावल्यात. पहिली श्रीरामपूर बसस्टँडवरून सकाळी सव्वासातला, बाभळेश्वर चौफुली पावणेआठ, लोणी आठ. दुसरी कोपरगाव बसस्टँडवरून साडेसातला, तळेगाव दिघे सव्वाआठ. संध्याकाळी सव्वापाचला त्याच गाड्या परत सोडतील. गाडी दहा मिनिटंच थांबेल. अकोले, सिन्नर आणि बाकीच्यांनी आपापलं या, एसटीचं तिकीट दाखवलं की पूर्ण पैसे, मोटरसायकलला किलोमीटरला 4 रुपये, चारचाकीला 10, पण चारचाकीत निदान तिघं तरी असावेत, शेजारच्या गावच्या डीलरला सोबत घ्या. पैसे त्याच दिवशी संध्याकाळी नोंदवहीत सही करून रोख मिळतील, पुढच्या बिलात वळते करू असलं काही नाही. फिटरची त्या दिवसाची हजेरी बुडते, त्याचे 500 रुपये डेपो देणार. अकोल्याकडच्यांनी पावसाचं बघून जरा लवकर निघा.

येताना दुकानाचा शिक्का, एक पासपोर्ट फोटो आणि फिटरची रोजची हत्यारं आणा, ड्रिल बिट आणि पंच खास करून, कारण चुकीच्या मापाचं भोक हेच गळतीचं मोठं कारण असतं आणि ते तिथंच तपासू.

याच नंबरवर शुक्रवार 31 जुलै संध्याकाळपर्यंत उत्तर द्या. एवढंच लिहा: दुकानाचं नाव, गाव, येणाऱ्या दोघांची नावं, गाडी कुठून पकडणार की स्वतः येणार. त्यावरच भाकरी आणि गाडीतल्या जागा ठरणार आहेत. जमत नसेल तरी तसं कळवा, पुढची बॅच लावायची का ते बघतो.

वाट बघतोय,
तुमचा एरिया सेल्स ऑफिसर, संगमनेर डेपो