विषय: एम-३चा वेग आणि ट्युटोरियलबद्दल विनंती (एस.ई. मेकॅनिकल, बी डिव्हिजन)

आदरणीय सर,

नमस्कार. मी सायली, बी डिव्हिजनची सी.आर. तासाला तुम्ही शंका मराठीत विचारायला सांगता, म्हणून मेलही मराठीतच लिहितेय.

वर्गाच्या वतीने एक गोष्ट तुमच्या कानावर घालायची आहे. एम-३ सध्या आमच्यापैकी बऱ्याच जणांच्या हातातून निसटतंय. शुक्रवारी शेवटच्या तासानंतर आम्ही थांबून यावर बोललो. सगळ्यांचं मत एक नव्हतं, तेही आधीच सांगते. पुढच्या बाकांवरच्या काही जणांना हा वेग ठीक वाटतो. आता संथ गेलो तर शेवटची दोन युनिट्स घाईघाईत उरकावी लागतील, अशी त्यांना भीती आहे. ती अगदीच चुकीची नाही. त्यामुळे "सर, हळू शिकवा" एवढंच सांगायला हा मेल नाही. नेमकं कुठे अडतंय ते सांगते.

पहिल्या युनिटमध्ये सी.एफ. काढण्यापर्यंत सगळे बरोबर होते. पी.आय.च्या शॉर्टकट पद्धतींपासून गडबड सुरू झाली. पाचही प्रकार एका तासात झाले आणि पुढच्याच तासाला व्हेरिएशन ऑफ पॅरामीटर्स आलं. सूत्रं सगळ्यांच्या वहीत आहेत, पण गणित समोर आलं की कुठली पद्धत लावायची हेच ठरवता येत नाही. एक प्रकार मात्र जवळजवळ सगळ्यांना येतो, तो फेल्युअर केसचा. (D² + a²)y = sin ax चं उत्तर −(x/2a) cos ax येतं, त्यात तो जादाचा x कुठून आला, हे तुम्ही स्प्रिंगचं उदाहरण देऊन सांगितलं होतं: स्प्रिंगला तिच्याच नैसर्गिक वारंवारतेने हलवत राहिलं तर झोका वाढत जातो, तोच हा x. त्या दिवशी तुम्ही पी.पी.टी. लावली नव्हती, सगळं फळ्यावर केलं होतं. शुक्रवारच्या चर्चेत हा तास निदान दहा जणांनी तरी आठवून सांगितला.

लॅपलासमध्ये आम्ही सेकंड शिफ्टिंगला थांबलो आहोत. म्हणजे तुम्ही पुढे गेलात, आम्ही तिथेच आहोत. t²·u(t−2) चं गणित स्लाइडवर थेट e^(−2s)(2/s³ + 4/s² + 4/s) या उत्तरावर गेलं. आधी t² ला (t−2)² + 4(t−2) + 4 असं लिहून घ्यायचं, ही मधली पायरी स्लाइडवर नव्हती. तुम्ही ती तोंडी सांगितली असेल, पण तेव्हा निम्मा वर्ग आधीची स्लाइड उतरवून घेत होता. संध्याकाळी हॉस्टेलवर आमच्यातल्या एकाने ती शोधून काढली, तेव्हा कुठे उलगडा झाला. फळ्यावर तुमचा हात आणि आमचा हात साधारण एकाच वेगाने चालतो. स्लाइडवर तसं होत नाही.

दुसरा मुद्दा डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांचा. आपल्या डिव्हिजनमध्ये असे चौदा जण आहेत. कॅप राउंड लांबल्यामुळे ते वर्गात आले तेव्हा पहिलं युनिट संपत आलं होतं. शिवाय बाकीच्यांनी पहिल्या वर्षी एम-१, एम-२ केलंय, ते यांनी केलेलं नाही. त्यांच्यापैकी काही जण वर्कशॉप आणि ड्रॉइंगमध्ये आमच्या कितीतरी पुढे आहेत, एस.ओ.एम.चे प्रॉब्लेम आम्हीच त्यांना विचारतो. एम-३च्या तासाला मात्र ते गप्प बसतात. "समजलं का?" असं तुम्ही विचारता तेव्हा त्यांच्यातलं कुणी हात वर करत नाही. त्याचा अर्थ समजलं असा होत नाही, हे त्यांनीच मला लिहायला सांगितलंय.

तुमची अडचण आम्हाला माहीत आहे. कमिटीच्या व्हिजिटमुळे आपले तास बुडाले, गणपतीच्या सुट्ट्याही मधेच आल्या. इन-सेमच्या आधी दोन्ही युनिट्स पूर्ण करणं तुमच्यावरही बंधनकारक आहे. आमच्याही बाजूने एक गोष्ट कबूल करायला हवी: सुट्टीला जोडून आलेल्या सोमवारी वर्ग जवळजवळ रिकामा होता आणि तुम्ही तो टॉपिक पुन्हा घेतला नाहीत, याबद्दल तक्रार करायला आम्हाला तोंड नाही.

आमची मुख्य विनंती ट्युटोरियलबद्दल आहे. बुडालेले तास भरून काढायला सध्या ट्युटोरियललाही नवा भाग शिकवला जातो. तो तास पुन्हा गणितं सोडवण्यासाठी मिळाला तर लेक्चरचा वेग आहे तसाच राहिला तरी बहुतेकांची हरकत नाही. बॅचमध्ये वीस-बावीसच जण असतात, तिथे शंका विचारायला संकोच वाटत नाही. आमच्या हाताने गणित सोडवताना चूक कुठे होते हे तुम्हाला तिथेच दिसेल. शंका आयत्या वेळी शोधण्यात वेळ जाऊ नये म्हणून आम्ही प्रत्येक बॅचची यादी आदल्या संध्याकाळी तुम्हाला पाठवू. एकच शंका अनेकांची असेल तर तीही एकदाच लिहू.

लेक्चरमध्ये प्रत्येक प्रकाराचं निदान एक गणित फळ्यावर पूर्ण सोडवलंत तर बरं होईल. बाकीची स्लाइडवर चालतील. स्लाइड्स तासाच्या आधी ग्रुपवर मिळाल्या तर त्या उतरवण्यात आमचा वेळ जाणार नाही.

इनव्हर्स लॅपलास सुरू करण्याआधी पार्शल फ्रॅक्शन्सची थोडी उजळणी हवी आहे. ही मागणी फक्त डिप्लोमावाल्यांची नाही. बारावीनंतर आमच्यापैकीही अनेकांनी त्याला हात लावलेला नाही, आणि तिथे अडलो तर पुढचं काहीच जमणार नाही.

डिप्लोमाच्या मुलांसाठी शनिवारी एक जादा तास घेता येईल का? सकाळी साडेनऊपासून वर्ग रिकामा असतो, मी ऑफिसमध्ये विचारून ठेवलंय. तुम्हाला शनिवारी शक्य नसेल तर आमच्यातले तीन-चार जण त्यांच्याबरोबर बसून पी.आय.चे प्रकार करून घ्यायला तयार आहेत. तुम्ही फक्त कुठली गणितं घ्यायची ते निवडून द्या. आम्ही निवडली तर आम्हाला येतात तीच निवडू.

इन-सेमनंतर वेग कसा ठेवायचा, याबद्दल आत्ताच काही मागत नाही. पहिल्या दोन युनिट्सचं काय होतं ते पाहून तुम्हीच ठरवा.

गुरुवारी तुमचा तास संपल्यावर मी आणि डिप्लोमाच्या मुलांतर्फे एक जण स्टाफरूममध्ये येऊन भेटलो तर चालेल का? त्या वेळी प्रॅक्टिकल असेल तर तुम्ही सांगाल तेव्हा येऊ. गुरुवारच्या ट्युटोरियलसाठी बी-२ बॅचची शंकांची यादी बुधवारी संध्याकाळी पाठवते. त्यात सेकंड शिफ्टिंगची गणितं सर्वात वर असतील.

आपली विद्यार्थिनी,
सायली
वर्ग प्रतिनिधी, एस.ई. मेकॅनिकल, बी डिव्हिजन