सूत्रं सोपवताना

नमस्कार मंडळी,

आज आपल्या सोसायटीची सूत्रं मी ताईंकडे सोपवतोय. 31 मार्चअखेरचा हिशेब सगळ्यांच्या हातात आहेच, त्यामुळे आकडे थोडक्यात सांगतो. 32 फ्लॅट, महिन्याला 1,500 रुपये मेंटेनन्स, म्हणजे वर्षाला 5,76,000 यायला हवे होते. आले 5,31,000. तीन फ्लॅटचे दहा-दहा महिने थकलेत. ही वसुली मी भिडेपोटी लांबवली, ते चुकलं. ताई, तुम्ही तिसऱ्या महिन्यालाच लेखी नोटीस द्या. दहा महिन्यांचे 15,000 एकदम मागितले की माणूस फोनच उचलत नाही.

टेरेसचं वॉटरप्रूफिंगही फसलं. कोटेशनं गोळा करण्यात एप्रिल गेला, काम मेअखेर सुरू झालं आणि वळवाने ओल्या झालेल्या स्लॅबवरच कोटिंग मारलं. ओल आत कोंडली, फुगे आले, पापुद्रे निघाले. पुढच्या वेळी फेब्रुवारीत ठराव करून मार्चमध्ये काम धरा. 48 तास पाणी साठवून गळती तपासल्याशिवाय शेवटचा हप्ता सोडू नका. कंत्राटदार घाई करेल, करू द्या.

पण सगळ्यात कळकळीनं सांगायचंय ते पुराचं. आपण जयंती नाल्याच्या बाजूला राहतो. पंचगंगा फुगली की नाल्याचं पाणी तुंबून मागं येतं आणि आपल्या गटारातून उलटं वर येतं. गेटकडे बघत बसलात तर उशीर होतो. 2019 ला आणि 2021 ला काय झालं ते इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट ही इशारा पातळी, 43 ही धोका. आपली कामं 39 लाच उरकायची: पार्किंगमधल्या गाड्या हलवा, लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन मेन स्विच पाडा, जमिनीखालच्या टाकीचं झाकण रबर लावून आवळा. पंपाचं पॅनल यंदा आपण पहिल्या मजल्याच्या वळणावर नेलं. 38,000 लागले, पण वर्षातला सगळ्यात योग्य खर्च तोच.

पाणी ओसरलं तरी टाकी लगेच भरू नका. गाळ काढा, भिंती घासा, एकदा भरून रिकामी करा. मग 20,000 लिटरला 100 ग्रॅम टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. पावडर थेट टाकायची नाही, बादलीत कालवून चुना खाली बसू द्या, वरची निवळी ओता आणि तासभर थांबा. पोतं उघडं राहिलं तर पावडरीतला क्लोरीन उडून जातो. मागच्या वर्षीचं अर्धं पोतं मीटररूममध्ये पडलंय, ते वापरू नका.

राहिलेली कामं अशी: टेरेसची दुरुस्ती, तीन थकबाकीदार आणि लिफ्टच्या करारात सुट्या भागांचा खर्च कुणाचा हे लिहून घेणं.

ताई, या फाईली, हे पासबुक आणि लाल दोरीतली ही पंपाच्या पॅनलची चावी. दुसरी चावी वॉचमनकडे आहे. सही करून घ्या.