ताराबाई शिंदे यांचे पुस्तक कशासाठी शिकवायचे?

ताराबाई शिंदे यांची ‘स्त्रीपुरुषतुलना’ १८८२ साली पुण्यात छापली गेली. जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्ये आपल्या ‘सत्सार’ या नियतकालिकातून लेखिकेची बाजू घेतली, आणि पुढे हे पुस्तक मराठी वाङ्मयाच्या अभ्यासातून जवळजवळ नाहीसे झाले. १९७५ साली अभ्यासक स. गं. मालशे यांनी ते पुन्हा उजेडात आणले. आज ते विद्यापीठांत शिकवले जाते. मधल्या त्र्याण्णव वर्षांत पुस्तकातले अक्षरही बदललेले नव्हते. बदलले होते ते वाचणारे आणि त्यांचे प्रश्न.

म्हणून अभिजात ग्रंथ काळाच्या कसोटीवर आपोआप टिकतो, हे म्हणणे मला पटत नाही. टिकायला पुन्हा पुन्हा छापणारे लागतात, वर्गात लावणारे लागतात, वाङ्मयेतिहासात पान देणारे लागतात. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ १८७४ ते १८८१ या काळातली. ताराबाईंचे पुस्तक त्यानंतर लगेचचे, तेही पुण्यातच छापलेले, तेही निबंधच. मराठी निबंधाची परंपरा सांगताना पिढ्यान्‌पिढ्या सुरुवात चिपळूणकरांपासून झाली. बुलढाण्याच्या, सत्यशोधक घरातल्या, वडिलांकडून घरीच शिकलेल्या बाईला त्या परंपरेत जागा नव्हती. चिपळूणकरांच्या गद्याचा दर्जा नाकारायचे कारण नाही. पण दर्जा मोजायला दोन्ही पुस्तके समोर असावी लागतात, आणि इथे एक समोर नव्हतेच.

१९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष होते. स्त्रीचळवळीला आपल्या पूर्वसुरी हव्या होत्या, त्यात ताराबाई सापडल्या. हे फार मोलाचे झाले. मात्र त्यासोबत ‘आद्य स्त्रीवादी लेखिका’ ही ओळख त्यांना अशी चिकटली, की वर्गात बहुतेक वेळा तीच शिकवली जाते. सुरतेच्या विजयालक्ष्मी या ब्राह्मण विधवेवरचा अर्भकहत्येचा खटला, तिला झालेली फाशीची शिक्षा, त्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून स्त्रियांवर उठलेली झोड, आणि त्याला ताराबाईंचे उत्तर. एवढी पार्श्वभूमी सांगितली की तास संपतो. विद्यार्थी परीक्षेत ‘पहिली’ हा शब्द अधोरेखित करतो. पहिलेपणासाठी शिकवलेले पुस्तक वाचावे लागत नाही, त्याचे साल पाठ केले की भागते.

वाचले तर काय दिसते? भर्तृहरीच्या नावावरचा एक श्लोक आहे. त्यात स्त्रीला संशयांचा भोवरा, अविनयाचे घर, साहसांचे नगर अशी विशेषणे लावली आहेत. ताराबाई त्यातला एकेक आरोप उचलतात आणि हा दोष अधिक कुणात, ते पुरुषांच्या रोजच्या वागण्यावर दाखवतात. श्लोकाची मांडणी तीच ठेवतात, आरोपी बदलतात. वादाची ही रीत विलक्षण आहे. पतिव्रतेचे दाखले देणाऱ्यांना त्या विचारतात: नवऱ्याच्या प्राणांसाठी सावित्री यमापर्यंत गेली, तसा बायकोसाठी गेलेला एखादा नवरा कुठे ऐकलाय का? बायको मेली की पुरुष दाढीमिशा भादरून रानात का जात नाही? हे गद्य बोलीच्या अंगाने, श्वास न घेता धावते. संताप चढत जातो, पण मुद्दा सुटत नाही.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो मात्र भलताच भाग. ताराबाई त्या काळच्या लोकप्रिय वाङ्मयावर, ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ अशा कादंबऱ्यांवर तुटून पडतात. गोष्टींतल्या स्त्रिया अशा का रंगवल्या जातात, जगात असे कुठे घडते का, असे त्यांचे विचारणे आहे. मराठी कादंबरी तेव्हा नुकती कुठे उभी राहत होती. पहिली म्हणून आपण ज्या कादंबऱ्या आदराने इतिहासात नोंदवतो, त्यांच्याकडे त्याच काळातली एक वाचक हिशोब मागते आहे. कुठले पुस्तक कुणाच्या मनात काय भरवते, हा आपला आजचा प्रश्न तिने १८८२ मध्येच केलेला आहे. त्या अर्थाने ही मराठी साहित्यसमीक्षा आहे, आणि समीक्षेच्या अभ्यासपत्रिकेत ती असायला हवी.

त्यांच्यातही अडचणी आहेत. पतिव्रताधर्माची चौकट त्या सर्वस्वी झुगारत नाहीत, आणि कुलीन मराठा घराची नजर त्यांच्या लिहिण्यात अधूनमधून डोकावते. आद्य म्हणून पूजा बांधली की हे झाकावेसे वाटते. लेखिका म्हणून वाचले की त्यावर वर्गात मनसोक्त भांडता येते. येत्या सत्रात मी पुस्तक याच क्रमाने लावणार आहे: आधी कादंबऱ्यांवरची पाने, मग श्लोकाची उलटतपासणी, आणि विजयालक्ष्मीचा खटला त्यानंतर. प्रश्नपत्रिकेतून ‘आद्य स्त्रीवादी लेखिका म्हणून स्थान स्पष्ट करा’ हा प्रश्न मी काढून टाकला आहे. त्याजागी ‘मुक्तामाला’तला एक उतारा आणि ताराबाईंचे एक पान शेजारी शेजारी दिले आहे.