शिळं पानी (पारावरच्या प्रयोगाची नवी संहिता)

करणाऱ्यांसाठी. जुन्या संहितेचं पहिलं दीड पान काढून टाकलं आहे. ‘भूजल पातळी’, ‘दरडोई वापर’, ‘जलसाक्षरता’ हे शब्द आले की मागची मंडळी तंबाखू मळायला घेतात. ‘जल हेच जीवन’ही गेलं. ते पाण्याच्या टाकीवर रंगवलेलंच आहे आणि त्याच टाकीखालचा नळ दिवसभर वाहतो.

ही संहिता मोर्शी-वरुडकडच्या संत्र्याच्या गावांसाठी, उन्हाळ्याच्या तोंडाशी करायची. दर्यापूरकडे खारपाणपट्ट्यात नेली तर देवरावाचा भाग बदला. तिथल्या विहिरीचं पाणी खारट, तिथे संत्र्याच्या गोष्टी सांगितल्या तर लोक आपल्यालाच हसतील.

सामान: 15 लिटरचे चार गुंड, तेवढीच एक बादली, मोबाईल, एक नवी तोटी, पाना. वेळ बायांचा स्वयंपाक आटोपल्यावरची. गुंड खरेच भरलेले हवेत. रिकामा गुंड उचललेला बायांना लांबूनही कळतो.

*(पारावर चार गुंड. मंगला पदर खोचून एक गुंड नालीकडे नेते आहे. सोनू, बारा-तेरा वर्षांचा, समोरून येतो.)*

सोनू: काय करून रायली व काकू?

मंगला: दिसत नाई का? नळ आला. शिळं पानी फेकून रायली.

सोनू: शिळं? कवाचं हाय?

मंगला: परवाचं.

सोनू: अन नळाचं?

मंगला: ते ताजं. आत्ता टाकीतून आलं.

सोनू: टाकीत कवा चढवलं?

मंगला: काल रातच्याले, लाईन आली तवा.

सोनू: अन टाकीत कुठून आलं?

मंगला: कुठून म्हंजे? इहिरीतून.

सोनू: इहिरीत कवाचं हाय?

मंगला: मागच्या पावसाळ्यातलं असन... *(थांबते. गुंड तसाच कमरेवर.)*

सोनू: म्हंजे मागच्या पावसाळ्यातलं ताजं, अन परवाचं शिळं?

*(इथे हसू येतं. येऊ द्या, पुढचं वाक्य घाईने बोलू नका. जुन्या संहितेत याच जागी पाण्याच्या चक्राचा तक्ता दाखवायचा होता.)*

मंगला: मोठा शायना झाला! ते आशाताई सांगून गेली ना, डेंगू होते, भांडे खाली करा म्हून.

सोनू: आठ दिवसातून एकडाव खाली करा, घासा, झाकन ठेवा, असं म्हनली ते. डासाले अंड्यातून निंगून उडाले आठेक दिवस लागते. पन नालीत वता, असं म्हनली का? त्या नालीतच तर बाकीचे डास पोसून रायले आपन.

मंगला: मंग कुठी वतू?

सोनू: बैलाच्या टाक्यात. संडासच्या टाकीत. कढीलिंबाले. तुमच्या दारातला कढीलिंब वाळून काडी झाला, अन नालीवरचं गवत पाहा कसं हिरवंगार हाय.

*(कढीलिंब कुणाच्या दारात वाळला आहे, ते प्रयोगाआधी फिरून पाहून ठेवा. नाव घ्यायचं नाही. ज्याचा असेल तो आपणच हसतो.)*

मंगला: चार गुंडानं काय होते रे बाप्पा?

सोनू: *(प्रेक्षकांकडे)* मोजा मायहो. चार गुंड, 60 लिटर. नळ दिवसाआड येते, म्हंजे महिन्यातून पंधराडाव. 900 लिटर झालं. असे 100 घरं धरा. 90 हजार लिटर. आपल्या गावची टाकी केवढ्याची हाय?

*(उत्तर लोकांकडून येऊ द्या. टाकीवर आकडा लिहिलेला असतो, सकाळीच पाहून या. खाली 50 हजारांची टाकी धरली आहे.)*

सोनू: 50 हजारांची. म्हंजे महिन्यातून जवळजवळ दोन टाक्या भरून आपन नालीले पाजतो. अन सरकारची नळयोजना आखते ते मानसामागं रोजच्या 55 लिटरवर. पुरे चार गुंडही नाई. तुमी एका सकाळी एका मानसाचा दिवसभराचा वाटा वतून देल्ला काकू, अन मंग एप्रिलमंदी सरपंचाच्या नावानं बोटं मोडता.

देवराव: *(प्रेक्षकांतूनच उठून)* बरोबर बोलून रायलं पोट्टं. बायाईले समजच नाई पान्याची.

मंगला: या जी काकाजी, या वर. तुमची मोटर कोन चालू करते रातच्याले?

देवराव: आपोआप होते. आटो लावला हाय. लाईन आली का मोटर चालू, गेली का बंद. झोपमोड नाई.

मंगला: अन बंगीचा भरला का?

देवराव: तवा... तवा काय, पानी जाते आपलं.

मंगला: कुठी?

देवराव: *(हळू)* नाल्यात.

मंगला: नाली म्हना, नाला म्हना. माया गुंड दिसते, तुमचा पाईप अंधारात रायते म्हून दिसत नाई, एवढाच फरक. सोनू, घे मोबाईल. काकाजी, हे बादली तुमच्या पाईपाखाली धरली तर किती वेळात भरन?

देवराव: पाचक सेकंदात.

सोनू: *(बोटांवर)* पाच सेकंदात 15 लिटर. मिनिटाले 180. तासाले 10 हजार 800.

मंगला: उन्हाळ्यात आपल्या गावात टँकर येते, ते 10 हजारांचं. म्हंजे तासाले एक टँकर. रातच्याले दोन वाजता तुमचे आळे भरले, लाईन गेली सकाळी सहाले. किती झाले?

*(लोक ओरडतात: चार! नाही ओरडले तर मंगला पुन्हा विचारते.)*

मंगला: मीनं चार गुंड फेकले तर समज नाई. तुमी चार टँकर फेकले तर बागायतदार!

देवराव: जास्त पानी झाडालेच पावते ना पन.

मंगला: पावते का? बुडाशी पानी तुंबलं तर संत्र्याले डिंक्या होते, मुया सडते. मागं दवाई कोनं आनली? खोडाजवळ मातीचं लहान आळं करा, त्याच्या बाहीर मोठं आळं, अन पानी दोन्हीच्या मधात सोडा. खोड कोरडं, मुयाईले वल. ड्रिप असन तर हे भानगडच नाई. अन आटोसंगं टायमर लावा, तीन तास झाले का मोटर बंद.

*(देवरावाने इथे लाजायचं नाही, वाद घालत राहायचं. ‘टायमर केवढ्याले येते?’ असं विचारायचं. आदल्या दिवशी मोर्शीच्या दुकानातून खरी किंमत विचारून या. अंदाजे आकडा सांगितला तर कुणीतरी तिथल्या तिथे खोटा पाडतो.)*

सोनू: आनखी एक. आमच्या टिनावरचं पानी. वीस फूट लांब, दहा फूट रुंद टीन. एक इंच पाऊस आला का साडेचारशे लिटरवर पानी पडते त्याच्यावर. तीस गुंड! पन्हाळ लावली नाई म्हून वट्ट्याखाली खड्डा पडला, अन बाबा म्हनते, पावसानं वट्टा खचला.

*(हा भाग एवढाच. जास्त ताणला तर सरकारी योजनेची जाहिरात वाटते.)*

मंगला: *(पदरातून तोटी काढते)* आता हे पाहा. टाकीखालच्या नळाले तोटी नाई. कोनं नेली?

एक आवाज: *(प्रेक्षकांत बसलेला आपला माणूस)* चोरीले गेली!

दुसरा आवाज: नवी लावली तरी पोट्टे तोडते!

मंगला: तोडू द्या. हे घ्या एक. पाना सोनूजवळ हाय. कोन येते लावाले? आत्ता, अंधार पडायच्या आत.

*(हात वर होईपर्यंत सगळे गप्प उभे राहतात. गाणं सुरू करायचं नाही, आभार मानायचे नाहीत. कुणीतरी येतोच, बहुधा मागे उभा असलेला पोरगा. सोनू त्याच्या हाती पाना देतो आणि सगळे टाकीकडे निघतात. देवरावाने जाताना विचारायचं: ‘अन वायसर आनला का रे?’ वायसर खिशात हवाच.)*