संध्याकाळी पाचला आलेले मजूर

विद्यार्थी मित्रांनो, आदरणीय मुख्याध्यापक आणि माझ्या सहकाऱ्यांनो, नमस्कार.

आजच्या परिपाठात बोधकथा सांगायची पाळी माझी आहे. ही कथा बायबलमधली आहे, मत्तयकृत शुभवर्तमानाच्या २० व्या अध्यायातली. माझ्या घरी हे पुस्तक वाचतात, म्हणून मी त्यातली निवडली. येशूने ती देवाचं राज्य कसं असतं हे समजावताना सांगितली आणि आम्ही ख्रिस्ती लोक तिच्यातून देवाच्या कृपेविषयी शिकतो. पण श्रद्धा ज्याच्या त्याच्या घरची. ती इथे कुणी कुणाला द्यायची नाही की कुणाची काढून घ्यायची नाही. माणसांनी माणसांशी कसं वागावं, एवढंच आज आपण या कथेत बघू.

कथा द्राक्षबागेची आहे, म्हणजे तासगावच्या पोरांना वेगळं काही समजवायला नको. बागेचा मालक भल्या पहाटे चौकात गेला. मजूर उभे होते. दिवसाला एक दीनार अशी मजुरी ठरली, तेव्हाचा तो दिवसाचा रोजगार, आणि माणसं कामाला लागली. नऊच्या सुमारास मालक परत गेला, आणखी काही जणांना घेऊन आला. दुपारी बाराला गेला, तीनला गेला. दिवस मावळायला तासभर उरला तेव्हा, म्हणजे पाचच्या सुमारास, तो पुन्हा चौकात गेला. तरीही काही माणसं उभीच होती.

त्याने विचारलं, “दिवसभर रिकामे का उभे आहात?”

ते म्हणाले, “आम्हाला कुणी कामावर घेतलंच नाही.”

या उत्तरापाशी जरा थांबा. ती माणसं झोपून उठून पाचला आली नव्हती. दिवसभर तिथेच होती. प्रत्येक वेळी कुणीतरी येत होतं, शेजारच्याला घेऊन जात होतं, आणि हे मागे राहत होते. घरी चूल पेटायची होती. विरळणीच्या दिवसांत पहाटे चौकात पिकअपची वाट बघणाऱ्या बायका तुम्ही पाहिल्या असतील. गाडी भरली की दोघी-तिघी मागे राहतात आणि डबा तसाच घेऊन घरी जातात. तो डबा बघा म्हणजे हे उत्तर कळेल.

मालकाने त्यांनाही बागेत पाठवलं. संध्याकाळी हिशेब झाला. मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्यायची, असा त्या लोकांच्या धर्मशास्त्राचा नियमच होता. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्या, हे हजरत मुहम्मद पैगंबरांचं वचनही तुमच्यापैकी काहींनी घरी ऐकलं असेल. मालकाने सुरुवात शेवटी आलेल्यांपासून केली आणि त्यांच्या हातावर पूर्ण दीनार ठेवला. पहाटेच्यांना वाटलं, आता आपल्याला जास्त मिळणार. त्यांनाही एकच दीनार मिळाला. मग कुरकुर सुरू झाली, “आम्ही दिवसभर उन्हात राबलो आणि यांना आमच्या बरोबरीला बसवलं!”

त्यांचं म्हणणं मला वेडेपणाचं वाटत नाही. ऊन त्यांनीच सोसलं होतं. पण त्यांची मजुरी कमी झाली होती का? ठरलेली सगळी मिळाली होती. त्यांना आधी पैसे दिले असते तर ते खुशीत घरी गेले असते. दुसऱ्याच्या हातातला दीनार दिसला आणि आपल्या हातातला त्यांना कमी वाटायला लागला. मालक त्यांना म्हणाला, “मित्रा, मी तुझ्यावर अन्याय करत नाही. मी चांगला आहे म्हणून तुला वाईट वाटतं का?”

आपण आत्ताच पसायदान म्हटलं. “जो जे वांछील तो ते लाहो, प्राणिजात.” कोण किती वाजता आला, हे ज्ञानेश्वर महाराजांनी त्यात विचारलेलं नाही.

आता आपल्या शाळेचं बोलू. साखर कारखाने सुरू झालेत. ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांतली मुलं काही वर्गांत नवीन आली आहेत. वर्ष निम्मं सरल्यावर आली, पण ती आळसाने उशिरा आलेली नाहीत. बाईंनी त्यांना जास्त वेळ दिला, चाचणीत थोडी सवलत दिली, तर “आम्ही जूनपासून येतोय” हे मनात येईल. आलं तर तुमच्या गुणपत्रिकेतून काही कमी झालंय का, ते आधी तपासा. आणि खो-खोचे संघ पाडताना शेवटपर्यंत कोण उभं राहतं, तेही बघा. माझ्या मते रोज तोच एक जण उरत असेल तर चूक निवडणाऱ्यांची आहे.

नवीन मुलांना पहिल्या सत्राच्या गणित आणि विज्ञानाच्या वह्या हव्या आहेत. ज्यांच्या पूर्ण आहेत त्यांनी मधल्या सुट्टीत शिक्षक खोलीत आणून द्याव्यात. झेरॉक्स काढून उद्या परत मिळतील. पाचवीपासून रांगेने वर्गात चला.