होय म्हणजे होय

(रविवारच्या उपासनेतला उपदेश. शास्त्रपाठ : मत्तय ५:३३-३७ आणि यहोशवा ९)

प्रभूमध्ये प्रिय बंधूंनो, भगिनींनो आणि लेकरांनो,

प्रभू येशूच्या काळी शपथांनाही लहान-मोठी किंमत होती. मत्तयच्या तेविसाव्या अध्यायात ते आलं आहे. मंदिराची शपथ वाहिली तर काही नाही, पण मंदिरातल्या सोन्याची वाहिली तर माणूस बांधला गेला. म्हणजे शब्द देतानाच सुटायची वाट राखून ठेवायची. आपण आज काय करतो? "बघतो म्हणालो होतो, देतो म्हणालो नव्हतो." "लिहून कुठं दिलंय?" प्रभू ही सगळी वाट बंद करतो. तुमचं होय ते होय असू द्या, नाही ते नाही. शपथ नको म्हणतो, कारण साध्या बोलण्यालाच शपथेचं वजन यावं असं त्याला वाटतं.

आता गिबोनी लोकांकडे या. बुरसलेल्या भाकरी, फाटून शिवलेले द्राक्षारसाचे बुधले, ठिगळं लावलेल्या वहाणा. आम्ही फार लांबून आलो, असं खोटं सांगून त्यांनी यहोशवाकडून करार मिळवला. तिसऱ्या दिवशी कळलं, हे तर शेजारचेच! मंडळी कुरकुर करू लागली. फसवून घेतलेला शब्द, तो मोडायला आणखी काय कारण हवं होतं? पण सरदार म्हणाले, आपण इस्राएलाच्या देवाच्या नावाने शपथ वाहिली आहे, त्यांना हात लावता येणार नाही. त्यांना लाकूडतोडे आणि पाणके केलं, पण जिवंत ठेवलं. पुढच्याच अध्यायात पाच राजे गिबोनावर चालून आले, तेव्हा यहोशवा रातोरात चालत त्यांच्या मदतीला गेला. पुढे कित्येक पिढ्यांनंतर शौलाने तो शब्द मोडला, आणि दावीदाच्या काळात तीन वर्षं दुष्काळ पडला. शब्द देणारे मरून गेले होते, पण देवापुढे शब्द जिवंत होता.

मी बारा वर्षांचा असताना दादांबरोबर बैलबाजारात गेलो होतो. उपरण्याखाली बोटं धरून सौदा ठरला, चार हजार दोनशे. गिऱ्हाइकाने अकरा रुपये इसार दिला आणि बाकीचे आणायला गेला. तासाभराने दुसरा आला, चार हजार सातशे रोख मोजायला तयार. त्या वर्षी आमच्या घराचे पत्रे उडाले होते, पाचशे रुपयांत ते झाले असते. मी दादांचा सदरा ओढत राहिलो. ते एवढंच म्हणाले, "बोट दिलंय बाबा." पहिला गिऱ्हाईक दिवस मावळताना आला. तोवर दादा दावं हातात धरून उभे होते. पंधराव्या स्तोत्रात म्हटलंय, अहित झालं तरी जो वाहिलेली शपथ मोडत नाही. मला त्याचा अर्थ त्या दाव्यात दिसला.

कोर्टाबद्दल थोडं. साक्षीच्या पिंजऱ्यात माणूस ईश्वरसाक्ष खरं सांगेन म्हणतो. ज्याला शपथ घ्यायची नसेल त्याला कायदा प्रतिज्ञेवर सांगू देतो. पण खोट्या साक्षीला दोघांनाही सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. बांधाच्या दाव्यात भावकीसाठी "मी तिथं होतो" म्हणणाऱ्यांनो, तुम्ही तिथं नव्हता. नवव्या आज्ञेत भावकीला सूट नाही.

लग्नाचं बोलताना मला जपून बोलायचं आहे. याच वेदीपुढे तुम्ही म्हणालात, सुखात आणि दुःखात, आजारात आणि आरोग्यात. तरण्या वयात "आजारात" हा शब्द तोंडातून सहज निघतो. आपल्या मंडळीत एक आजोबा आहेत. अर्धांगाने पडलेल्या आजीला ते चमच्याने पेज भरवतात, आणि एक चमचा गिळायला तिला दोन मिनिटं लागतात. ते घाई करत नाहीत. तो शब्द ते रोज पाळतात. पण जी बहीण घरात मार खाते, तिला "वचन दिलंस ना, सोस" असं कोणी म्हणू नका. तिथं वचन मारणाऱ्याने मोडलेलं आहे. तिने आमच्याकडे यावं, दार उघडं आहे.

आणि उतावळेपणाने शब्द देऊ नका. इफ्ताहाने लढाईच्या भरात नवस केला, जिंकून परतल्यावर घरातून जे पहिलं सामोरं येईल ते देवाला अर्पण करीन, आणि पोटची एकुलती एक लेक समोर आली. उपदेशक सांगतो, नवस करून न फेडण्यापेक्षा तो न केलेला बरा. देता येत नसेल तर "नाही" म्हणा. "नाही" हाही प्रामाणिक शब्द आहे. मी स्वतः एका आजारी बहिणीला "येत्या आठवड्यात येतो" म्हणालो आणि तीन आठवडे गेलो नाही. गेलो तेव्हा अंगणात मांडव होता. त्याची क्षमा मी देवाजवळ मागितली आहे, आज तुमच्यापुढेही मागतो.

प्रभू म्हणतो, वेदीपाशी आल्यावर आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथंच ठेव आणि आधी त्याच्याकडे जा. म्हणून दानाची थैली फिरण्याआधी आपण दोन मिनिटं गप्प बसू. कोणाला दिलेला शब्द आठवला आणि बाहेर जाऊन फोन करावासा वाटला, तर खुशाल उठा. बाकीच्यांनी मागे वळून पाहू नये. थैली परत येईपर्यंत आम्ही थांबू.